प्रतिसाद: सौंदत्तीला चौघं, गाडी की बस?

"शनिवारी-रविवारी आम्ही चौघं, दोन बायका दोन पुरुष, बेळगावहून यल्लम्माला जाणार. घरची गाडी काढू की बसने जाऊ?"

सौंदत्तीला जायचं तर आधी बायकांची आधार कार्डं बघा. पत्ता कर्नाटकातला असेल तर शक्ती योजनेत साध्या बसला त्यांच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत, म्हणजे जाऊन-येऊन फक्त दोघा पुरुषांची चार तिकिटं. गाडीला डोंगरापर्यंत जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर धरा. पंधराचं ॲव्हरेज असलं तरी 11-12 लिटर पेट्रोल जातंच.

आमची गफलत इथेच झाली होती. नणंद गडहिंग्लजची, आधारवर पत्ता तिथला. कंडक्टरने कार्ड उलटून पत्ता वाचला आणि पूर्ण तिकीट फाडलं. माझ्या हातात शून्य रुपयांचं तिकीट आलं. तेही जपून ठेवा, चेकर चढला की दाखवावं लागतं.

बसचा खरा त्रास परतीला होतो. जाताना बेळगावच्या स्टँडवरच चढलात तर बसायला मिळतं, पण दुपारी डोंगरावरून उतरणारी बस भरलेली असते. सोबत गुडघेदुखीची सासू असेल तर पैशांचा विचार न करता गाडीच काढा. जोगुळभावीला अंघोळ करून मग वर जायचं तर ओल्या कपड्यांची पिशवी ठेवायलाही गाडी बरी. पौर्णिमेला मात्र गाडी नको, ती लांब लावून चालावंच लागतं.

आणि बेत बदलून जोतिबाला निघालात, तर हा हिशेब लागू नाही. शक्तीची सवलत कोल्हापूरपर्यंत चालत नाही. तिकडे चौघांचंही तिकीट धरून मग गाडीचा विचार करा.