सिन्स आणि फॉर: चुकीचा नियम निघाला की पुढचं उदाहरण द्या

> "मुलांना नियम स्वतः शोधू द्या म्हणतात, पण माझी सातवीची मुलं भलताच नियम काढतात. मग काय करायचं?"

भलता नियम बहुतेक वेळा आपल्याच उदाहरणांतून निघतो. मी पुण्यात मराठी माध्यमाच्या सातवीला इंग्रजी शिकवते. पहिल्या वर्षी फळ्यावर फक्त सिन्स मंडे, सिन्स दिवाळी, फॉर टू अवर्स, फॉर फाइव्ह इयर्स लिहिलं. मुलं म्हणाली, "आकडा आला की फॉर." त्या फळ्यापुरतं ते बरोबरच होतं.

आता मी तो नियम निघू देते, 'चूक' म्हणत नाही. खाली फक्त दोन वाक्यं वाढवते: 'शी हॅज लिव्ह्ड इन हडपसर सिन्स 2019' आणि 'वी हॅव वेटेड फॉर अ लाँग टाइम'. एकात आकडा असूनही सिन्स, दुसऱ्यात आकडा नसतानाही फॉर. वर्ग गप्प होतो. ही दोन-तीन मिनिटं आपण तोंड उघडायचं नाही, हे सगळ्यात अवघड. मग विचारते, "कॅलेंडरवर किंवा घड्याळात नेमकं बोट कशावर ठेवता येईल?" सोमवारवर, 2019 वर येतं, तिथे सिन्स. पाच वर्षांवर येत नाही, ती मोजावी लागतात, तिथे फॉर.

मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन तासांपासून' दोन्हीकडे 'पासून'च, म्हणून 'सिन्स टू अवर्स' तोंडात बसतं. हे मुलांना उघड सांगा.

'फॉर द लास्ट वीक' आणि 'सिन्स लास्ट वीक' ही जोडी मात्र पहिल्या तासाला नको, गोंधळ होतो. शेवटी मुलांकडून नियम म्हणवून घेऊ नका. चाइल्डहुड, अ फ्यू डेज, फाइव्ह ओक्लॉक असे न पाहिलेले शब्द द्या. फाइव्ह ओक्लॉकला फॉर लावलं, तर आकडा अजून डोक्यातून गेलेला नाही.