मदत हवी आहे: एचआरच्या पहिल्या फोनवर स्वतःची ओळख कशी करून द्यावी?

गोदाकाठ
नाशिकला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, चार वर्षं झाली. आता पुण्यात अर्ज करतेय. समोर बसून बोलायला मला जमतं, पण फोनवर माझा पार विचका होतो. मागच्या आठवड्यात "टेल मी अबाउट युवरसेल्फ" ऐकलं आणि पाठ केलेलं सगळं दोन-अडीच मिनिटं म्हणत गेले. पलीकडे शांतता. शेवटी मीच विचारलं, "हॅलो, ऐकू येतंय ना?" त्या म्हणाल्या, "हो, लिहून घेतेय. व्हेंडर फिफ्टीन म्हणालात की फिफ्टी?" त्यानंतर माझा आवाज जो बसला तो बसलाच. सोमवारी अकरा वाजता दुसरा फोन आहे. काय बदलू?

रानपाखरू
सोपं आहे. फोन स्पीकरवर टाका म्हणजे हात मोकळे राहतात, समोर कागद ठेवून वाचा आणि पूर्ण वेळ हसत बोला. हसू आवाजात कळतं.

सातारी_कंदी
मलाही हाच त्रास झाला होता. मागे कपाट दिसत होतं, मग पांढरी चादर लावली. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा.

गोदाकाठ
@सातारी_कंदी, कॅमेरा नाहीये हो, साधा फोन आहे. अडचण तीच आहे.

चाफेकळी_एचआर
अकरा वर्षं हेच फोन करतेय, म्हणून पलीकडचं चित्र सांगते. माझ्यासमोर तुमचा सीव्ही आणि एक तक्ता उघडा असतो: एकूण अनुभव, सध्याचं काम, कुठलं सॉफ्टवेअर, पगार, नोटीस पिरियड. तुम्ही बोलता तेव्हा मी टाइप करत असते. माझी शांतता म्हणजे नापसंती नाही. पण अडीच मिनिटांत मी पहिल्या वाक्यातलं टाइप करेपर्यंत तुम्ही चौथ्यावर गेलेल्या असता.

रानपाखरू यांचं हात मोकळे ठेवण्याचं बरोबर आहे, स्पीकरचं नाही. स्पीकरवर खोलीचा घुमारा येतो. वायरवाला इयरफोन लावा. वाचू तर नकाच: वाचणारा माणूस चुकीच्या जागी श्वास घेतो आणि आम्हाला ते लगेच कळतं. कागदावर चार-पाच शब्दच लिहा. हसू पहिल्या नमस्काराला आणि शेवटी पुरे. मधे अडचणीचं काम सांगताना हसलात तर विचित्र वाटतं.

फिफ्टीन-फिफ्टी हा तुमचा दोष नाही. साध्या फोन लाइनवर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, म्हणून स-फ सारखे वाटतात आणि शब्दाचा शेवट पुसट होतो. आकडा दोनदा सांगा, दुसऱ्यांदा सुटा: "फिफ्टी, फाइव्ह-झीरो." कंपनीच्या नावानंतर आणि आकड्यानंतर एक श्वास थांबा.

आता सोमवारची ओळख इथे लिहा बघू.

गोदाकाठ
बोलेन इंग्रजीत, इथे मराठीत लिहिते: "नमस्कार मॅडम, मी कॉमर्स पदवीधर आहे, मेहनती आहे, टीममध्ये काम करायला आवडतं. चार वर्षं अकाउंट्स पाहते, जीएसटी, टॅली, व्हेंडर पेमेंट, बँक रिकन्सिलिएशन, सगळं येतं."

चाफेकळी_एचआर
मेहनती, टीम काढून टाका. ते सगळेच म्हणतात, तक्त्यात त्याला रकाना नाही. "सगळं येतं" यातही मला काही लिहिता येत नाही. एक काम निवडा. कुठलं काम तुमच्यामुळे सुधारलं?

गोदाकाठ
व्हेंडरची बिलं आणि जीएसटी पोर्टलवरची नोंद जुळत नसे, आणि जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायच्या २० तारखेच्या आदल्या रात्री धावपळ व्हायची. मी दर सोमवारी जुळवणी सुरू केली आणि ज्यांची बिलं दिसत नाहीत त्यांना त्याच दिवशी फोन करू लागले. आता १५ तारखेपर्यंत काम उरकतं.

चाफेकळी_एचआर
हेच तर हवं होतं! मग असं: "नमस्कार मॅडम, मी नाशिकहून बोलतेय, आवाज नीट येतोय ना? (थांबा, त्यांना 'हो' म्हणू द्या.) वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षं अकाउंट्सला आहे, टॅलीवर काम करते. पन्नास, पाच-शून्य, व्हेंडरची बिलं माझ्याकडे आहेत." मग सोमवारच्या जुळवणीचं, दोन वाक्यांत. शेवटी: "त्या जुळवणीबद्दल आणखी सांगू, की तुम्हाला आधी दुसरं काही विचारायचंय?" एवढ्याला मिनिटभर पुरतं. चेहरा दिसत नसल्यामुळे तुमचं संपलं हे मला कळत नाही. त्या प्रश्नाने कळतं. तुम्ही माझा विचार करताय हेही त्यातच ऐकू येतं.

रानपाखरू
स्पीकरचं मान्य. पण नोटीस पिरियड ओळखीतच सांगून टाकावा, त्यांचा वेळ वाचतो.

चाफेकळी_एचआर
मी नाही सांगणार. ९० दिवस असतील तर काम ऐकण्याआधीच मनात नकार येतो. विचारल्यावर स्वच्छ सांगावं. काही सहकाऱ्यांना मात्र आधी सांगितलेलं आवडतं.

गोदाकाठ
माझे ६० आहेत, विचारल्यावरच सांगेन. आत्ता फोनवरच रेकॉर्ड करून ऐकलं: ५५ सेकंद, पण "जुळवणी" म्हणताना आवाज खाली जातोय. उभं राहून परत करते. एकच राहिलं: मधेच फोन कटला तर मी करावा की त्यांच्या फोनची वाट पाहावी?