कामगार बँकेच्या बरोबरीने, पण फक्त २४ महिन्यांसाठी

"कारखाना विकला की आधी सगळं बँक घेते, कामगारांना उरलंसुरलं." हे पूर्ण बरोबर नाही. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ प्रमाणे आधी प्रक्रियेचा खर्च वजा होतो. मग तारणावरचा वेगळा हक्क सोडून ते सामाईक विक्रीत दिलेली बँक आणि कामगार एकाच पायरीवर येतात, फक्त कामगारांची लिक्विडेशन, म्हणजे कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकणे, सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांचीच थकबाकी तिथे धरतात.

आमच्या वडोदऱ्यात मकरपुऱ्यातला कारखाना समजा १० कोटींना विकला आणि खर्च १ कोटी झाला. उरले ९. बँकेचे येणे १६ कोटी, कामगारांचे २ कोटी, म्हणजे दोघांनाही रुपयाला पन्नास पैसे: बँकेला ८ कोटी, कामगारांना १. इथेच पैसे संपले. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार खालच्या पायरीवर असल्याने त्यांना शून्य. विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, माल पुरवणारे आणि भागधारक तर त्याहून खाली. म्हणून मला सर्वांत जास्त काळजी सुपरवायझर मंडळींची वाटते. हुद्दा काहीही लिहिलेला असो, प्रत्यक्ष काम हाताचे किंवा तांत्रिक असेल तर 'कामगार' म्हणून दावा करा आणि हजेरीपत्रक, पगाराच्या पावत्या जोडा.

पीएफचा पैसा या वाटपात येतच नाही. कलम ३६ त्याला लिक्विडेशनच्या मालमत्तेबाहेर ठेवते, त्यामुळे तो दावा पगारात मिसळू नका, वेगळा दाखवा.