मदत हवी आहे: ग्राहकाने पाठवलेला तड्याचा फोटो खरा की बनावट, कसं ओळखायचं?

भट्टीवाली
तातडीने मदत हवी आहे. मी सिरॅमिकची भांडी घडवते आणि ऑनलाइन विकते. काल एका बाईंना वाडगा पोचला, आज सकाळी त्यांचा फोटो आला: आतून काठापासून खाली तडा, काठाला टवका. पूर्ण पैसे परत हवेत, तेही आजच. मी पॅक केला तेव्हा वाडगा धड होता. फोटो तपासून सांगणारं खात्रीचं ॲप कोणतं? दोन साइटवर टाकून पाहिला. एक म्हणते बनावट, दुसरी म्हणते अस्सल.

डेटाधर
साइटच्या नादी लागू नका, फाइलमधली माहिती काढा:

```
exiftool photo.jpg
```

Date/Time Original आणि कॅमेऱ्याचं Model दिसायला हवं. नसेल तर फोटो बनावट. सोपं आहे.

भट्टीवाली
चालवलं. दोन्ही नाहीत. म्हणजे खोटाच ना? कळवते त्यांना.

जुनी_भट्टी
ताई, थांबा, काही कळवू नका. फोटो तुमच्याकडे आला कसा?

भट्टीवाली
व्हॉट्सॲपवर, अजून कसा येणार?

जुनी_भट्टी
मग फाइल रिकामी असणारच. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि ही माहिती काढून टाकतं. तुमच्या आईने काढलेला फोटोही असाच रिकामा येईल. IMG-तारीख-WA असं नाव असेल, तर ती तारीखसुद्धा फोटो काढल्याची नसते. त्या साइट गोंधळतात त्यालाही हे दाबणं कारण आहे, बारीक खुणा त्यातच पुसल्या जातात. बाईंना तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येईल.

डेटाधर
व्हॉट्सॲपचं बरोबर आहे, ते मी आधी विचारायला हवं होतं. पण मूळ फाइलमध्ये माहिती आली, तर प्रश्न मिटला की.

जुनी_भट्टी
नाही मिटत. ती तारीख कोणालाही बदलता येते, तुमच्याच त्या exiftool ने. तिचा उपयोग एवढाच की पार्सल पोचण्याच्या आधीची तारीख निघाली तर पुढे विचारायला जागा मिळते.

सुखदा_क
ताई, अजिबात माघार घेऊ नका. फुटकी वस्तू आली म्हणजे पैसे परत मिळायलाच हवेत. विक्रेत्याला लेखी कळवा आणि कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे तक्रार करा.

भट्टीवाली
अहो, विक्रेती मीच आहे.

रेशीमगाठ
मी कपडे विकते. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर मी रिफंड देतच नाही. रंग वेगळा दिसतो म्हणून रोज कोणीतरी फोटो पाठवतं, बघायला गेलं तर पिवळ्या दिव्याखाली काढलेला. व्हिडिओची अट घाला, कटकट संपेल.

मंदार_पार्सल
रेशीमगाठताई, अट विकण्याआधी सांगितलेली असेल तरच तिला अर्थ आहे. आणि खोका उघडताना फोन धरून बसणारे किती? मी कुरियरच्या तक्रारी बघायचो. खरं नुकसान झालेल्या बऱ्याच लोकांकडे व्हिडिओ नसायचा. मी आधी खोका बघायचो. या फोटोत खोका आहे का?

भट्टीवाली
नाही. फक्त वाडगा, टेबलावर. पण आत्ता मोठा करून पाहिला आणि एक गोष्ट सापडली! माझी माती भाजल्यावर तांबूस तपकिरी होते, वरचं ग्लेझ पांढरं. टवका उडाला तर आतून तपकिरी दिसायला हवं. फोटोत टवक्याची जागा पांढरी शुभ्र आहे. हे चित्र बनवणाऱ्याला माझी माती कुठून माहीत असणार?

जुनी_भट्टी
बघण्याची दिशा अगदी बरोबर आहे. पण एवढ्यावर कोणाला खोटं ठरवू नका. तुमचं ग्लेझ जाड असेल तर छोटा टवका ग्लेझमध्येच राहतो, मातीपर्यंत पोचत नाही. फ्लॅश मारला असेल तर काचेसारखी ताजी कड पांढरी चमकते.

तडाच पुन्हा नीट बघा. तो आरपार असेल तर काठावर रेघ तुटलेली दिसेल आणि त्याच जागी बाहेरूनही दिसायला हवी. ग्लेझवर खिडकीचं प्रतिबिंब पडलं असेल आणि तड्याच्या दोन कडा किंचित वरखाली सरकल्या असतील, तर प्रतिबिंबही तिथे मोडतं. कडा सरकलेल्या दिसतात आणि प्रतिबिंब मात्र अखंड, असं असेल तर शंका घ्यायला जागा आहे. तडा केसाएवढा बारीक असेल तर मात्र हे लागू पडत नाही.

आता मागा. आरोप न करता, ‘कुरियरकडे दावा करायला लागतात’ असं सांगून चार फोटो: तडा बाहेरून, बूड, टवका फ्लॅशशिवाय उजेडात, आणि खोका लेबलसकट. फक्त आतल्या बाजूचं चित्र बनवणं सोपं असतं. तोच तडा चार बाजूंनी जुळवून दाखवणं अवघड.

मंदार_पार्सल
खोक्याचे सगळे कोपरे आणि आतलं भरण पण मागा. खोका फेकू नका म्हणून आजच सांगा.

डेटाधर
आणि पहिला फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा. नेटवरून उचललेला असेल तर सापडेल.

भट्टीवाली
लेन्सवर काही नाही.

जुनी_भट्टी
म्हणजे तो उचललेला सापडला नाही, एवढंच. ताजा बनवलेला असेल तर तिथे सापडणारच नाही.

भट्टीवाली (दुसऱ्या दिवशी)
फोटो आले, डॉक्युमेंट म्हणून. फाइलमध्ये काल दुपारची वेळ आहे. बुडावर माझा शिक्का आणि खिळ्याने कोरलेला नग क्रमांक, दोन्ही माझ्या वहीशी जुळतात. लेबलचा ट्रॅकिंग नंबरही तोच. तडा बाहेरून दिसतो, काठापासून बुडाच्या कड्यापर्यंत, आतल्या रेघेशी जुळणारा. उजेडातल्या फोटोत टवक्याच्या मधोमध तपकिरी माती स्पष्ट दिसते. पहिल्या फोटोत तो फ्लॅशच होता. खोक्याचा एक कोपरा आत दबलाय. मी बाईंना काल तोडून बोलले नाही हे बरं झालं. पैसे परत केले. आता कुरियरकडे दावा लावते.

मंदार_पार्सल
दावा आजच लावा, मुदत फार नसते. पण वाडगा आणि खोक्याची भिंत यांत किती जागा होती? दबलेला कोपरा वाडग्यापर्यंत पोचलाच नसेल तर ते पॅकिंगवर बोट ठेवतील.

भट्टीवाली
बबल रॅपचे दोन वेढे आणि बाजूने कागद. दोन बोटं जागा असेल.

जुनी_भट्टी
मला वेगळीच शंका येते. बाहेरच्या फोटोत तड्याच्या कडेचं ग्लेझ कसं दिसतं? गोलसर आणि आत ओघळलेलं असेल तर ग्लेझ वितळायच्या आधीच तडा होता, म्हणजे दोष भट्टीतला आणि तुमचा. कड धारदार असेल तर तडा ग्लेझ घट्ट झाल्यावरचा.

भट्टीवाली
धारदार आहे. म्हणजे वाटेतच फुटला?

जुनी_भट्टी
बहुतेक. टवकाही आहे, तो धक्क्याचाच. पण भट्टी लवकर उघडली असेल तर थंड होताना पडलेल्या तड्याचीही कड धारदारच असते आणि कधीकधी तो काही दिवसांनी उघडतो. पॅक करण्यापूर्वी टिचकी मारून ऐकलं होतं का? धड वाडगा खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो.

भट्टीवाली
नाही, नुसतं डोळ्यांनी पाहिलं होतं. भट्टी मात्र त्या वेळी घाईत उघडली होती, हे खरं. त्याच भट्टीतले अजून सहा वाडगे फळीवर आहेत. आत्ता वाजवून बघते.

रेशीमगाठ
व्हिडिओ असता तर एवढं काही करावं लागलं नसतं.

मंदार_पार्सल
व्हिडिओत तडा दिसला असता, तो कधी पडला ते नाही.

भट्टीवाली
पाच खणखणीत वाजले. सहावा बद्द वाजतोय, वरून रेघसुद्धा दिसत नाही. कुरियरकडचा दावा लावू की राहू दे?