अनुभव धागा: शॉप फ्लोअरवरून डिझाइन-सिम्युलेशनकडे

बुटीबोरीकर: मी प्रॉडक्शनला आहे. शिफ्ट, रिजेक्शन, डिस्पॅच यातच दिवस जाऊन राहिला आहे. डिझाइनकडे वळायचं म्हणतो. कोर्सची नावं नकोत, ती मिळतात. तुम्ही प्रत्यक्ष कोणतं काम दाखवलं म्हणून समोरच्यानं आत घेतलं, तेवढं लिहा.

फॅब्रिकेशनवाला: हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशन शॉप सांभाळायचो. मोटरचा एक ब्रॅकेट वेल्डपाशी तडकून परत यायचा. 6 मिमीची बॅक प्लेट खांबाला चार बोल्टांनी, तिला वेल्ड केलेला 10 मिमी जाड, 50 रुंद, 200 लांब हात. मटेरियल आयएस 2062, ई250, म्हणजे 250 एमपीए ताणापर्यंत कायमचं वाकत नाही असं स्टील. मालक म्हणाले, जाडी वाढवा.

मी आधी कागदावर केलं. टोकाला 300 न्यूटन धरले तर मुळाशी ताण साधारण 72 एमपीए, टोक सुमारे 1 मिमी खाली. घरच्या लॅपटॉपवर फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बॅक प्लेटची मागची बाजू पूर्ण फिक्स करून चालवलं, तिथंही डिफ्लेक्शन तेवढंच. मग रविवारी शॉपमध्ये ब्रॅकेट बसवून 30 किलो टांगले. एकदा भार देऊन काढला, म्हणजे बोल्ट बसतात. मग टोकाची हालचाल मोजणारा डायल शून्य करून पुन्हा टांगले. डायल दीड मिमी दाखवतो!

दुसरा डायल बॅक प्लेटच्या वरच्या काठाला लावला, तेव्हा कळलं की तो काठच खांबापासून सुटून येतो आहे. हात वाकतो तेवढा वाकतच होता, जास्तीचं अर्धा मिमी प्लेटचं होतं. मग मॉडेलमध्ये मागची बाजू सोडून फक्त बोल्टांजवळ धरलं, प्लेट खांबाला टेकेल पण सुटूही शकेल असा कॉन्टॅक्ट दिला, तर 1.4 आलं. वरचे बोल्ट हाताच्या जवळ सरकवले. जाडी तीच राहिली.

इंटरव्ह्यूला हेच लिहिलेली चार पानं नेली. बाकी सगळं सोडून त्यांनी एकच विचारलं, डायलचा स्टँड कुठं लावला होता? खांबावर, म्हटलं. बॅक प्लेटवर लावला असता तर प्लेटची हालचाल दिसलीच नसती.

मेशप्रेमी: भाऊ, एवढी खटपट काहून? मॉडेलचे तुकडे पाडणारी मेश बारीक करत जायची, उत्तर आपोआप खरं होत जाते.

फॅब्रिकेशनवाला: डिफ्लेक्शनसाठी बरंचसं खरं. पण हात आणि प्लेट मिळतात तो आतला कोपरा धारदार काढला असेल, तर तिथला ताण मेश बारीक करताना वाढतच जातो, थांबत नाही. माझा 110 वरून 200 च्या पुढं गेला, डिफ्लेक्शन जागचं हललं नाही. तो आकडा रिपोर्टमध्ये टाकला की समोरचा ओळखतो. आणि 72 म्हणजे 250 च्या किती खाली, तरी तडा जात होता. कारण मोटर हादरत होती. थकव्यानं वेल्ड किती काळ टिकेल, हे या मॉडेलमधून निघत नाही.

शीटमेटल ताई: माझ्याकडे सिम्युलेशन नव्हतंच. प्रेस ब्रेकवर बेंडच्या अगदी जवळची भोकं लांबट व्हायची, मग स्क्रू बसेना. बेंडच्या आतल्या त्रिज्येत पत्र्याची दुप्पट जाडी मिळवून तेवढं अंतर सोडा, असं मी ड्रॉइंगवर लाल पेनानं लिहून डिझाइनवाल्यांना पाठवायची. पाठवून पाठवून त्यांनी एकदा म्हटलं, मग इकडेच या. पहिलं वर्ष नुसतं जुन्या ड्रॉइंगचं रिव्हिजन करण्यात गेलं, हेही सांगून ठेवते.

पालक: मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोडिंग शिकून आयटीत जावं का?

शीटमेटल ताई: काका, इथं कंपनीत काम करणाऱ्यांचं चाललंय. पण त्याला सुट्टीत एखाद्या शॉपमध्ये उभं करा, बिघडत नाही.

पुण्यात गेलेला: ब्रॅकेट छान, पण नागपुरात जागा किती? महिंद्राचा ट्रॅक्टर हिंगण्यात बनतो, त्याच्या संशोधनाचं मोठं केंद्र मात्र चेन्नईजवळ, महिंद्रा रिसर्च व्हॅलीत. मी पुण्यासाठी सामान बांधलं. सुरुवातीला पगार कमी घेतला, घरभाडं वेगळं.

फॅब्रिकेशनवाला: मोठं प्रॉडक्ट डेव्हलपमेंट हवं तर जावं लागेल, मान्य. जिग-फिक्स्चर, कन्व्हेयर, स्पेशल मशीन यांचं डिझाइन इथंही चालतं. फक्त तिथं डिझाइनर म्हणून घेतात आणि डिस्पॅचच्या दिवशी फ्लोअरवरच उभं करतात.

पुण्यात गेलेला: मग बदललं काय?

बुटीबोरीकर: आमच्याकडे मशीनवर असाच एक गार्ड आहे, सारखा तडकतो. डायल टूलरूममधून मागून घेतो. पण खांब नाही, पातळ पाइपची फ्रेम आहे, ती स्वतःच हलते. स्टँड कशावर लावू?