मदत हवी आहे: बिझनेसमध्ये सीट रिकाम्या, तरी माइल्सवर अपग्रेड वेटलिस्टच

पुढच्या आठवड्यात रात्रीची लांब फ्लाइट आहे. इकॉनॉमीचं तिकीट माइल्स वापरून बिझनेसमध्ये अपग्रेड करायला टाकलंय, पण ते वेटलिस्टवरच अडकलंय. सीट मॅपवर अर्धी केबिन रिकामी दिसते. आता सीट मॅपवर फार भरवसा ठेवू नये हे माहीत आहे. तिकीट घेऊनही सीट न निवडलेले लोक त्यात दिसत नाहीत, आणि काही सीट एअरलाइन स्वतःच अडवून ठेवते.

म्हणून फेअर क्लासची उपलब्धता पाहिली: `J9 C9 D4 I0`. म्हणजे पूर्ण भाड्याच्या J मध्ये निदान नऊ सीट विकायला आहेत, पण या एअरलाइनचं माइल्स अपग्रेड ज्या I मधून निघतं, तिथे शून्य. पैसे देणारं गिऱ्हाईक मिळेल या आशेवर ते I उघडत नाहीत, हे समजतं. (वेटलिस्टवर माझ्यापुढे एअरलाइनचे एलिट कार्डवाले किती आहेत, ते मात्र कुणी सांगत नाही.)

आता प्रश्न. चेक-इन सुरू होईपर्यंत I शून्यच राहिला, तर गेटवर वेटलिस्ट आधी क्लिअर करतात, की काउंटरवर रोख अपग्रेड विकून उरलेल्या सीट वेटलिस्टला देतात? मी काउंटरवर पैसे भरले, तर अडकलेले माइल्स आपोआप परत येतात की फोन करावा लागतो? काउंटरवर काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.