दुबईच्या कंपनीत नफा पडून राहिला तर?

"नागपूरच्या कंपनीने दुबईत कंपनी काढली आणि नफा तिथंच ठेवला, तर भारतात कर लागतो का?"

बऱ्याचदा लगेच लागत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. समजा, इतवारीतल्या एका कंपनीने दुबईच्या कंपनीत १० कोटी घातले. तिथं वर्षाला ५० लाख व्याज जमलं, पण लाभांश वाटलाच नाही. लाभांश येईपर्यंत इथल्या कंपनीच्या उत्पन्नात काहीच दिसत नाही.

नियंत्रित परदेशी कंपनीचे नियम हेच भोक बुजवतात: असं व्याज, रॉयल्टी वगैरे न वाटताही त्याच वर्षी मालकाच्या उत्पन्नात धरायचं. अमेरिकेने हे १९६२ मध्येच केलं. आपल्याकडे २०१० च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या विधेयकात ते होतं, पण कायदा झालाच नाही.

आपण वेगळा प्रश्न विचारतो: कंपनीचे मुख्य निर्णय प्रत्यक्षात कुठे होतात? दुबईचा संचालक नुसत्या सह्या करतो आणि कुठली ठेव मोडायची हे इतवारीतून फोनवर ठरतं, तर ती कंपनी भारतातली निवासी ठरू शकते आणि तिच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो. बँकेला गेलेले ईमेल आणि सभेची इतिवृत्तं शेजारी ठेवली की खरं कळतं.

मात्र २०१७ च्या परिपत्रकानुसार वर्षाची उलाढाल ५० कोटी किंवा कमी असेल, तर ही कसोटी लागूच होत नाही. म्हणजे वरची कंपनी सुटते. मला ही सूट खटकते, कारण नुसत्या ठेवी सांभाळणाऱ्या कंपनीची उलाढाल लहानच असते.